संख्या एकदाच यावी

मनातली संख्या ओळखण्याचा खेळ घालणाऱ्याने एकाच गोष्टीवर नजर ठेवायची असते. समोरच्याने धरलेली संख्या त्या हिशेबात किती वेळा येते? एकदाच येत असेल, तर ओळखणाऱ्याला उलट चालत जाता येतं. दोनदा आली की वाट अडते. उज्जैनच्या शाळांत गणित शिकवण्यात माझी नोकरी गेली. आता नातीबरोबर हा खेळ खेळताना ती अडलेली वाट पुन्हा कशी मोकळी होते, हे जितकं नीट मांडता आलं तितकं फळ्यासमोर क्वचितच आलं असेल.

मुक्ता आठवीत आहे. सुरुवात मी अगदी सोप्या कोड्यापासून केली. संख्या धर, तिला ३ ने गुण, ५ मिळव, दुप्पट कर. ती म्हणाली, "५२."

"तू ७ धरले होतेस."

रीत तिने लगेच पकडली. ५२ चे निम्मे २६, त्यातून ५ गेले २१, ३ ने भागले की ७. शेवटची क्रिया आधी उलटवायची आणि मागे मागे यायचं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त हाच विलोमविधी आहे. गुणाकाराच्या जागी भागाकार, मिळवण्याच्या जागी वजाबाकी, वर्गाच्या जागी वर्गमूळ. मुक्ताने मग आल्यागेल्या प्रत्येकाला संख्या धरायला लावली, आणि कंटाळा आल्यावर मला अडवायचं ठरवलं.

"आजोबा, मी एक संख्या धरली. तिचा वर्ग केला. त्या वर्गात त्याच संख्येची सहापट मिळवली. ९१ आले. सांगा."

"आधी तूच उलटी चालून बघ."

"शेवटी सहापट मिळवली, म्हणून आधी ती वजा करायची." ती थांबली. "पण सहापट कशाची? ती संख्या माहीत असती तर विचारलं कशाला असतं?"

अडचण तिने नेमकी सांगितली. पहिल्या कोड्यात धरलेली संख्या एकदाच आत शिरली होती, पुढे सगळे माहीत आकडे होते. इथे ती वर्गात आहे आणि सहापटीतही आहे. एक काढायला जावं तर दुसरी माहीत हवी. संख्येला क्ष म्हटलं की कोडं असं दिसतं:

क्ष² + ६क्ष = ९१

हे वर्गसमीकरण. शाळेत यापुढे सूत्र पाठ करून घेतात. मी मुक्ताला चौकटीच्या वहीचा कागद आणि कात्री आणायला सांगितली.

"एक चौरस काप. बाजू केवढी, ते मला सांगू नकोस. हा झाला वर्ग. आता सहापट म्हणजे काय?"

"तेवढीच लांब पट्टी, सहा चौकटी रुंद."

तिने पट्टी कापून चौरसाला चिकटवून ठेवली. लांबट आयत झाला.

"याचा चौरस करायचा आहे. पट्टी हवी तशी काप."

तिने पट्टी आडवी कापून पाहिली, तुकडे कुठेच बसेनात. मग लांबीच्या बाजूने मधोमध कापली. तीन-तीन चौकटी रुंदीच्या दोन पट्ट्या झाल्या. एक चौरसाच्या उजवीकडे लावली, दुसरी खाली. चौरस जवळजवळ झाला, एक कोपरा तेवढा रिकामा राहिला.

"कोपरा केवढा?"

"तीन त्रिक नऊ." मग कागदाकडे बघतच ती म्हणाली, "आजोबा, चौरस केवढा आहे ते मी तुम्हाला सांगितलंच नाही, पण कोपरा नऊचाच येणार. चौरस कितीही मोठा असला तरी!"

साऱ्या रीतीचं मर्म तिच्या या वाक्यात आहे. संख्या माहीत नसली तरी कोपरा माहीत असतो, कारण तो केवळ त्या सहावर अवलंबून आहे. सहाचे निम्मे तीन, तिनाचा वर्ग नऊ. कागदाच्या एकूण चौकटी ९१ आणि कोपऱ्यातल्या ९ मिळून १०० झाल्या. मोठ्या चौरसाची बाजू १०. ती मूळ बाजूपेक्षा तिनाने जास्त, म्हणून मूळ संख्या ७.

"आता तुझंच कोडं नव्याने सांग. संख्या एकदाच यायला हवी."

"संख्येत तीन मिळवा, वर्ग करा, शंभर येतात." आणि तिने पुढे आपणच उलट चालून दाखवलं: वर्गमूळ दहा, वजा तीन, सात.

कोपरा भरला की दोनदा आलेली संख्या एकदाच येते, आणि जुना विलोमविधी पुन्हा चालू लागतो. वर्गसमीकरणाचं सूत्र हा याच दोन पावलांचा सारांश आहे. भास्कराचार्य आपल्या 'बीजगणिता'त या रीतीला मध्यमाहरण म्हणतात.

सहाच्या जागी विषम संख्या आली की निम्मं करताना अपूर्णांक येतो. त्यावरचा तोडगा श्रीधराचार्यांचा. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही, पण भास्कराचार्यांनी तो नियम नोंदवून ठेवल्यामुळे आपल्यापर्यंत पोचला. वर्गाची दुप्पट आणि संख्येची पाचपट मिळून ५२, असं मुक्ताने विचारलं. वर्गाचा सहगुणक २, त्याची चौपट ८. दोन्ही बाजूंना ८ ने गुणलं, उजवीकडे ४१६ आले. मग पाचाचा वर्ग २५ दोन्हीकडे मिळवला, ४४१ झाले. हा २१ चा वर्ग. डावीकडे संख्येची चौपट अधिक पाच, याचा पूर्ण वर्ग आहे. चौपट सोळा, संख्या चार. अपूर्णांक कुठेच आला नाही.

या रीतीत एक पहारेकरीही आपसूक मिळतो. वर्गात सहापट मिळवण्याच्याच कोड्यात एकदा मुक्ता म्हणाली, "१०२." नऊ मिळवले, १११ झाले. हा पूर्ण वर्ग नाही. शंभराच्या पुढचा वर्ग १२१.

"तुझी बेरीज चुकली."

"तुम्हाला कसं कळलं? मी धरलेली संख्यासुद्धा तुम्हाला माहीत नाही!"

"पूर्ण संख्या धरली असशील तर नऊ मिळवल्यावर पूर्ण वर्ग यायलाच हवा. तू ८ धरले असशील. ६४ आणि ४८ मिळवताना हातचा सुटला. ११२ हवेत."

तिने पुन्हा बेरीज केली. हातचाच सुटला होता.

मग तिने मला खरोखर कोंडीत पकडणारं कोडं आणलं. "मी धरलेली संख्या १४ मधून वजा केली. जे उरलं त्याला मूळ संख्येनेच गुणलं. ४८ आले."

मी म्हणालो, "६ किंवा ८."

"किंवा चालणार नाही. एक सांगा."

"एक सांगता येणारच नाही. तू ६ धरले असशील तर उरले ८, आणि ८ धरले असशील तर उरले ६. गुणाकार तोच. तू दिलेल्या माहितीत निवड करायला जागाच नाही."

हे तिला पटेना. तेव्हा तिला घेऊन वेधशाळेत गेलो. क्षिप्रेकाठी सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली ही यंत्रं उज्जैनच्या मुलांच्या ओळखीची असतात. गोल ओट्याच्या मधोमध सरळ काठी असलेल्या शंकुयंत्रापाशी आम्ही उभे राहिलो.

"शंकूची सावली अमुक लांबीची आहे, एवढंच कळलं तर किती वाजले ते सांगशील?"

तिने विचार केला. "सकाळीही तेवढी असेल आणि दुपारनंतरही."

"आणि मधोमध काय?"

"माध्यान्ह. तेव्हा सावली सगळ्यांत लहान."

जुने ज्योतिषी दिशा याच आधारे ठरवत. शंकूभोवती वर्तुळ काढायचं, सकाळी सावलीचं टोक जिथे आत शिरतं आणि दुपारी जिथून बाहेर पडतं तिथे खुणा करायच्या. त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. दोन सारख्या सावल्यांच्या मधोमध माध्यान्ह असतो, तसा ६ आणि ८ च्या मधोमध ७ आहे.

"म्हणजे १४ चे निम्मे!" तिने हिशेब तिथेच मांडला. एक संख्या सातापेक्षा जेवढी कमी, दुसरी तेवढीच जास्त. गुणाकार येतो ४९ वजा त्या अंतराचा वर्ग. ४८ आले, म्हणजे अंतर १. "आणि ४९ आले तर अंतर शून्य, उत्तर एकच. ५० आले तर?"

"तर काय होईल?"

"अंतराचा वर्ग उणे एक. असा वर्ग होतच नाही. म्हणजे ५० सांगणारा चुकला."

ऋण संख्या कुणाचा वर्ग नसते म्हणून तिला वर्गमूळ नाही, हे भास्कराचार्यांनीही स्पष्ट सांगितलं आहे. दोन उत्तरांचा प्रश्नही त्यांनी टाळला नाही. 'बीजगणिता'त माकडांच्या कळपाची दोन उदाहरणं आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो आणि १२ माकडं डोंगरावर आहेत. कळप १६ चाही असू शकतो, ४८ चाही, आणि दोन्ही उत्तरं ते मान्य करतात. दुसऱ्यात पाचव्या भागातून तीन वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग गुहेत गेला आणि एक माकड दिसतं आहे. इथे ५० आणि ५ ही उत्तरं येतात. मुक्ताने दोन्ही ताडून पाहिली.

"पाचाचा पाचवा भाग एक. एकातून तीन गेले उणे दोन. वर्ग चार, आणि एक, पाच. जुळलं की!"

"उणे दोन माकडं कुठे पाहिलीस?"

भास्कराचार्य याच कारणासाठी ५ हे उत्तर सोडतात. समीकरणाला ते चालतं, माकडांना चालत नाही.

परतताना मुक्ताला आपलं पहिलं कोडं आठवलं. "त्यात दोन उत्तरं का नव्हती?"

"होती. शंभराचं वर्गमूळ उणे दहाही आहे."

तिने मनात हिशेब केला. उणे दहा वजा तीन, उणे तेरा. वर्ग १६९, सहापट उणे ७८, बेरीज ९१. "बरोबर आहे. पण खेळात कुणी उणे तेरा धरत नाही."

"मग दोन्ही कोड्यांत फरक काय?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "पहिल्याचा मध्य उणे तीनवर आहे. एक उत्तर शून्याच्या वर असलं की दुसरं खालीच जाणार. दुसऱ्याचा मध्य सातावर आहे, म्हणून दोन्ही उत्तरं वर राहू शकतात."

कोडं घालणाऱ्याच्या हातात असतं ते एवढंच: मध्य कुठे ठेवायचा. संख्येच्या वर्गात तिचीच काही पट मिळवली तर मध्य शून्याच्या खाली जातो आणि ओळखणाऱ्याला एकच उत्तर सापडतं. वजाबाकी आणली की दोन उत्तरं समोर येऊ शकतात, आणि तेव्हा आणखी एक प्रश्न विचारायची मुभा त्याला द्यायला हवी. आता मुक्ता मैत्रिणींना चौदाचं कोडं घालते तेव्हा "सातापेक्षा मोठी का, असं एकदा विचारता येईल" हा नियम ती आधीच सांगून टाकते.