अठ्ठावन्न

पोस्ट जरा लांब आहे, पण अकरावी-बारावीची मुलं घरात असतील तर वाचा.

आमची लेक इथे दोह्यात सीबीएसईच्या अकरावीत आहे. मागच्या आठवड्यात फिजिक्सचं प्रॅक्टिकल झालं, काचेच्या बारीक नळीत पाणी किती चढतं त्यावरून पाण्याचा पृष्ठताण काढायचा. घरी आली ती तोंड पाडूनच. पुस्तकात २५ अंशाला उत्तर ७२ आहे (एकक मिलिन्यूटन प्रति मीटर), हिचं आलं ५८. म्हणाली, "आई, सगळ्यांनी उंची वाढवून लिहिलीय. मीपण ३२.८ लिहू का? बरोबर ७२ येतं."

मी गप्प बसले. कारण सांगलीला बीएस्सी करताना मी स्वतः हेच केलं होतं, याच प्रयोगात. उत्तरावरून मागे येत उंची काढली, वर्गातल्या निम्म्या वह्यांत तीच होती आणि सरांनी सही केली. तेव्हा चुकलं कुठे होतं ते मला आजतागायत माहीत नव्हतं.

म्हटलं, आधी तुझा आकडा का आला ते बघू, मग काय लिहायचं ते ठरव.

सूत्र तसं सोपं आहे. पाणी काचेला चिकटतं आणि नळीच्या आतल्या कडेकडेनं वर ओढलं जातं. ही ओढ कडेच्या लांबीवर, म्हणजे 2πr वर अवलंबून. खाली लटकलेल्या पाण्याचं वजन πr²hρg. दोन्ही समान झाले की पाणी थांबतं. त्यातून येतं:

T = r h ρ g / 2

(r नळीची त्रिज्या, h उंची, ρ घनता, g गुरुत्व त्वरण.) निरांजनात तेल वातीतून चढतं तेही असंच, फक्त तिथे नळ्यांऐवजी धाग्यांमधल्या फटी असतात.

तिची नळी ०.९० मिमी व्यासाची, म्हणजे त्रिज्या ०.४५. उंची आली होती २६.४ मिमी. साध्या पाण्यासाठी एक युक्ती आहे. त्रिज्या आणि उंची दोन्ही मिमीमध्ये घेऊन गुणा, २५ अंशाला गुणाकार १४.७ च्या आसपास यायला हवा. नळी बारीक असो की जाड, गुणाकार तोच, कारण त्रिज्या कमी झाली की उंची त्याच प्रमाणात वाढते. या गुणाकाराला ४.९ ने गुणलं की पृष्ठताण. हिचा गुणाकार ११.९, म्हणून ५८.

तिचा पहिला संशय उन्हाळ्यावर. "आई, नळाला गरम पाणी येतं ना!" ते येतंच, इथे जुलैत आपण गीझर बंद ठेवून त्याचंच पाणी गार म्हणून वापरतो. पण आकडा बघितला. पाणी ४५ अंश गरम असलं तरी पृष्ठताण ६८.७. म्हणजे फार तर पाच टक्के घट, आणि हिची घट जवळजवळ वीस टक्के. शिवाय लॅबमध्ये एसी. गडबड दुसरीकडे होती.

मग त्रिज्या. इथे दहा टक्के चूक झाली तर उत्तरातही सरळ दहा टक्के चूक. नळी सगळीकडे सारखी नसते. मायक्रोस्कोपखाली आपण टोकाचा व्यास मोजतो, पण सूत्राला हवा असतो पाणी जिथे थांबलं तिथला. म्हणून नीट काम करणारे नळी त्या खुणेवर कापून तिथला व्यास मोजतात. आम्हाला ते शक्य नव्हतं. पण टीचरना विचारून तिनं ती नळी आणि ०.३० त्रिज्येची दुसरी, कोरी नळी घरी आणली.

कोरी नळी ग्लासात धरली, पाणी ४८.५ मिमी चढलं. गुणाकार १४.६. म्हणजे पाणी ठीक, पट्टी ठीक, पद्धतही ठीक. दोष त्या जाड नळीत होता.

तिथे मला एक जुनी खूण आठवली. नळी पाण्यात खोल बुडवायची, म्हणजे आतलं पाणी आणखी वर जातं, आणि मग हळूच वर ओढायची. काच स्वच्छ असेल तर पाणी खाली येऊन त्याच उंचीवर थांबतं. हिच्या नळीत खालून चढलेलं पाणी २६.४ ला थांबायचं आणि वरून उतरलेलं ३०.५ ला. चार मिलिमीटरचा फरक! काचेला तेलकटपणा असला की असं होतं. पाणी काचेला पूर्ण चिकटत नाही, कोन करून टेकतं, आणि चढताना जास्तच अडतं. आपलं सूत्र हा कोन शून्य धरतं. हिच्या आकड्यावरून उलट हिशेब केला तर कोन ३६ अंशांच्या आसपास निघतो. म्हणजे पाण्याचा पृष्ठताण ५८ नव्हताच, नळीनं तसा दाखवला.

तेल कुठून आलं? मी तिच्या वेणीकडे बघितलं. त्या दिवशी सकाळी मीच तेल लावून दिलं होतं, आणि बाईसाहेब वेणीशी खेळत नळी टोकाला धरून उभ्या. केशिका नळी आणि केसांचं तेल, काय जोडी!

मग धुतली. भांड्यांच्या लिक्विडनं धुवून दोनदा विसळली, तर पाणी चढलं फक्त १५ मिमी. हिशेबानं ३३! लेक हसून लोळली. ही चूक माझी. आत साबण राहिला होता, आणि साबण तर पाण्याचा पृष्ठताणच खाली आणतो. दोन्हीत उंची कमीच दिसते, पण तेलात काच बिघडलेली असते आणि साबणात पाणी. ओळखायला कोरी नळी त्याच ग्लासात परत धरली, तिथेही पाणी आधीपेक्षा कमी चढलं. म्हणजे साबण ग्लासातही उतरला होता.

शेवटी औषधाची सिरिंज आणि रबरी नळीचा तुकडा घेऊन दोन्ही नळ्यांतून वीस-पंचवीस वेळा पाणी काढलं, ग्लास बदलला, टोकाला बोट लावायचं नाही असा नियम केला. जाड नळीत आता ३१.८, आणि बुडवून वर ओढली तरी ३१.८. पाण्याचा वरचा पृष्ठभाग वाटीसारखा खोलगट असतो आणि आपण त्याचा तळ मोजतो, म्हणून त्रिज्येचा तिसरा हिस्सा, म्हणजे ०.१५ मिमी, वर धरायचा. झाले ३१.९५. उत्तर ७०.२.

पट्टी अर्ध्या मिलिमीटरची, त्रिज्या टोकाचीच. दोन-अडीच टक्के इकडेतिकडे होणारच. तरी माझ्या तोंडून निघालं, "लिही की बहात्तर, एवढ्यासाठी काय!"

तिनं माझ्याकडे अशी बघितली की मी चहा टाकायला उठले.

वहीत तिनं दोन्ही आकडे लिहिलेत. लॅबमधला ५८, घरचा ७०.२, आणि खाली कारण: नळीला तेल, बहुधा माझ्या हातांचं. टीचरनी अजून वही तपासलेली नाही.