गज वाकडे दिसतात

३ मार्च, सोमवार

रात्री वाईहून आत्याचा फोन. चार दिवस ती सुताराला बोल लावत होती, खिडकीचे गज मधोमध वाकलेत म्हणून. आज उजवा डोळा झाकून पाहिलं तर गज वाकडे, डावा झाकला तर सरळ. सुतार सुटला, डावा डोळा सापडला.

मी आधी एवढंच विचारलं : काळा पडदा उतरल्यासारखं, वीज चमकल्यासारखं, अचानक खूप ठिपके, असं काही? डोळा दुखतोय? नाही म्हणाली. यातलं काही असतं, तर उद्याची वाट न पाहता रात्रीच गाडी काढली असती. तरी उद्या सकाळीच तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, म्हटलं.

४ मार्च, मंगळवार

डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली आणि आत पाहिलं. पडद्याच्या मध्यभागी पाणी साचलंय, थोडं रक्तही असावं, रेटिनातज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा, असं लिहून दिलं. सरळ रेष वाकडी दिसते ती यामुळेच : पडद्याखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून झिरपल्या की पडदा उचलला जातो. दिवस जातील तसा तिथे व्रण धरतो, आणि व्रणावर इंजेक्शनाचा फारसा उपयोग नाही.

बंगळूरहून आत्याच्या मुलाने, दादाने, पुण्याच्या क्लिनिकला दुपारीच लिहिलं होतं : ‘आई ७८ वर्षांची आहे, नजर कमी झाली आहे, लवकरात लवकर वेळ द्यावी.’ उत्तर आलं, २७ मार्च. काउंटरवरच्या माणसाला दोष कसा देणार? ‘लवकरात लवकर’ सगळेच लिहितात, आणि ७८व्या वर्षी नजर कमी होणं म्हणजे बहुतेकदा सावकाश पिकणारा मोतीबिंदू. कुणाला पुढे काढायचं तर डॉक्टरांना दाखवता येईल असं काहीतरी त्याच्या हातात हवं.

रात्री आत्याला फोनवर वाचून दाखवत पत्र लिहिलं. तिचं म्हणणं, “साखर गोळीनं नीट आहे, ती कशाला लिहितेस?” लिहिली. शेजारच्या काकांचं निदान मात्र घेतलं नाही. आजाराचं नाव आपण लिहू नये, दिसतं ते लिहावं.

‘विषय : डाव्या डोळ्याला सरळ रेषा अचानक वाकड्या दिसणे, याच आठवड्यात तपासणीची विनंती.

माझ्या आत्याच्या (वय ७८) संमतीने लिहीत आहे. २८ फेब्रुवारीपासून डाव्या डोळ्याला खिडकीचे गज वाकडे दिसतात, समोरच्या माणसाचा चेहरा मध्ये धूसर दिसतो. उजवा डोळा पूर्वीसारखा आहे. डोळा दुखत नाही. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू पूर्वीच काढले आहेत. आज ज्यांनी तपासले त्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. त्यात याच आठवड्यात दाखवण्यास सांगितले आहे.

मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, रक्त पातळ करणारी गोळीही. औषधांच्या चिठ्ठीचा फोटो जोडला आहे. आपण २७ मार्चची वेळ दिली आहे. कोणाची वेळ रद्द झाल्यास आदल्या रात्री कळवले तरी आम्ही सकाळी पोहोचू. आपल्याकडे शक्य नसेल, तर कृपया उद्याच तसे सांगावे, म्हणजे दुसरीकडे नेता येईल.’

खाली आत्याचा आणि माझा नंबर. शेवटचं वाक्य दादाला उद्धट वाटलं. मला ते पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य वाटतं. त्याला हो किंवा नाही असंच उत्तर द्यावं लागतं.

५ मार्च, बुधवार

उघडल्या उघडल्या क्लिनिकला फोन केला, पत्र पोहोचलं का म्हणून. बाई म्हणाल्या, चिठ्ठी डॉक्टरांना दाखवते. तासाभरात त्यांचाच फोन : इतक्यात हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला होता का? नाही. उद्या साडेआठला या, थेंब घालणार, आजींना एकटं पाठवू नका. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हेही त्यांनी सांगितलं.

६ मार्च, गुरुवार

डोळ्याचा स्कॅन झाला, पडद्याखाली पाणी स्पष्ट दिसलं. संमतीपत्रावर सही, डोळा बधिर करणारे थेंब आणि संध्याकाळी पहिलं इंजेक्शन. महिन्याच्या अंतराने आणखी दोन ठरली आहेत. पुढचं स्कॅन बघून. डॉक्टरांनी आशा बेतानेच दिली : गेलेलं सगळं परत येईल असं नाही, आहे ते टिकवायचं, थोडं सुधारलं तर उत्तम.

उजव्या डोळ्यासाठी चौकटीचौकटींचा कागद दिलाय. जवळचा चष्मा लावून, डावा डोळा झाकून, मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रेघ वाकली किंवा चौकट पुसट झाली तर लगेच फोन. आत्याने विचारलं, “फोनवर काय म्हणायचं?” काउंटरवरच्या बाईच म्हणाल्या, “आजी, कोणता डोळा आणि कधीपासून, एवढं सांगा.”