चार निवडायचे, तीन उरतात

आमच्या हीट ट्रान्सफर लॅबमधलं फोर्स्ड कन्व्हेक्शनचं यंत्र बहुतेक कॉलेजांत असतं तसंच आहे. ब्लोअर, ऑरिफिस, यू-ट्यूब मॅनोमीटर आणि 28 मिलिमीटर आतल्या व्यासाची, अर्धा मीटर लांबीची, हीटर गुंडाळलेली नळी. हवा सोडायची, तापमानं स्थिर व्हायची वाट बघायची (पोरं तेवढ्यात मागच्या आठवड्याचं जर्नल उरकतात) आणि मग उष्णता-संक्रमणाचा गुणांक h काढायचा.

रीडिंग घेण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: हा h कशाकशावर अवलंबून असेल? फळ्यावर यादी होते. नळीचा व्यास D, हवेचा वेग V, घनता ρ, श्यानता μ, विशिष्ट उष्मा c आणि उष्मावाहकता k. सहा गोष्टी. प्रत्येकीच्या पाच-पाच किमती घेऊन सगळी जुळणी तपासायची म्हटली तर 15,625 रीडिंग होतात. हा आकडा ऐकल्यावर मितीय विश्लेषण कशासाठी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

सहा आणि h मिळून सात राशी. मूळ मिती चार: वस्तुमान M, लांबी L, काळ T आणि तापमान θ. सातातून चार गेले, उरले तीन. म्हणजे तीन मितिहीन गट निघणार. चार राशी 'रिपीटिंग' म्हणून निवडायच्या आणि उरलेल्या तिघींना एकेक करून त्यांच्याशी जोडायचं. खरी गंमत या निवडीतच आहे.

एका वर्षी एका विद्यार्थिनीने पुढे येऊन D, V, ρ, μ निवडले. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "सर, फ्लुइड मेकॅनिक्सला D, V, ρ हेच घ्यायचो. इथे चार लागतात म्हणून μ घेतला." उत्तर रास्त होतं. मी तिला पुढे जाऊ दिलं. तिने h घेतला, घात मांडले, आणि θ चं समीकरण लिहिताच थबकली. तिच्या चारही राशींत तापमान कुठेच नाही, आणि h मध्ये θ⁻¹ आहे. समीकरण झालं: −1 = 0.

वर्ग हसला, पण दोष दुहेरी होता. तापमान कापायला कुणी नाही, हा एक. दुसरा लपलेला: D, V, ρ, μ या चौघांचा आपसातच ρVD/μ हा मितिहीन गट बनतो. ज्यांचा आपापसात गट होतो, त्या राशी स्वतंत्र नाहीत. दिसायला चार, मितीच्या हिशेबात तीनच.

तिनेच मग V काढून k घेतला. k ची मिती M L T⁻³ θ⁻¹, h ची M T⁻³ θ⁻¹. आता Dᵃ ρᵇ μᵐ kⁿ h हा गट मितिहीन हवा:

```
θ:  -n - 1 = 0
T:  -m - 3n - 3 = 0
M:  b + m + n + 1 = 0
L:  a - 3b - m + n = 0
```

मी θ पासून सुरुवात करायला सांगतो, कारण तिथे एकच अज्ञात आहे. n = −1, मग m = 0, b = 0, a = 1. गट झाला hD/k, म्हणजे नसेल्ट अंक. ρ आणि μ यातून आपोआप गळले. h च्या जागी V ठेवला की ρVD/μ, रेनॉल्ड्स अंक. c ठेवला की μc/k, प्रांटल अंक. सहा गोष्टींवरचं अवलंबन दोन अंकांवर आलं: Nu = f(Re, Pr).

मागच्या बाकावरून हमखास येणारा प्रश्न: "सर, वेगळे चार घेतले तर उत्तर बदलेल?" D, V, ρ, c घेऊन बघा, मी सांगतो. तेव्हा h/(ρVc) हा स्टँटन अंक येतो, सोबत रेनॉल्ड्स, आणि तिसरा k/(ρVDc). पण स्टँटन म्हणजे Nu/(Re·Pr), आणि तिसरा म्हणजे 1/(Re·Pr). वेश वेगळा, माहिती तीच.

आता या f चं रूप काय, ते ही पद्धत सांगत नाही. त्यासाठी यंत्र चालू करावंच लागतं. खळबळत्या प्रवाहासाठी आम्ही डिटस-बोल्टर यांचं 1930 सालचं सूत्र ताडून पाहतो: Nu = 0.023 Re^0.8 Pr^0.4. व्हॉल्व्ह कमी-जास्त करून लॉग-लॉग कागदावर Nu विरुद्ध Re काढला की 0.8 च्या आसपासचा उतार मिळतो आणि पोरं खूश होतात. पण प्रांटलचा 0.4 आमच्या यंत्राने कुणालाच दाखवलेला नाही. तो दिसणारही नाही. हवेचा प्रांटल अंक लॅबमधल्या तापमानांना 0.7 च्या जवळच राहतो. व्हॉल्व्ह कितीही फिरवला तरी एकच अंक हलतो, दुसरा जागचा हलत नाही. व्हायव्हात "Pr चा घात तुमच्या रीडिंगवरून काढा" असं विचारलं, तर बरोबर उत्तर "काढता येत नाही" हे आहे.

दुसरा अंक खरंच लागतो का, हे पाहायला प्रवाही पदार्थच बदलायला हवा. कागदावर ते करून घेतो. हवा 10 मीटर प्रतिसेकंद वेगाने, सुमारे 40 अंश सेल्सिअसला: Re साधारण 16,500, सूत्राने Nu 47, h सुमारे 45 W/m²K. त्याच नळीतून त्याच तापमानाचं पाणी नेलं तर तेवढाच Re यायला वेग फक्त 0.39 मीटर प्रतिसेकंद पुरतो. रेनॉल्ड्सच सर्वेसर्वा असता, तर Nu पुन्हा 47 यायला हवा होता. पाण्याचा Pr 4.3 धरून तो 97 येतो, आणि h जवळजवळ 2,200. Re तोच, Nu दुप्पट: हा फरक एकट्या प्रांटलचा. h मात्र पन्नासपट वाढला, कारण पाण्याचा k सुद्धा हवेच्या वीस-पंचवीसपट आहे.

यादीतून एखादी राशी विसरली तर पद्धत तक्रार करत नाही. 1915 साली लॉर्ड रेले यांनी 'नेचर'मध्ये अशाच एका प्रश्नाचं मितीय विश्लेषण मांडलं, श्यानता बाजूला ठेवून. μ नसला की रेनॉल्ड्स आणि प्रांटल वेगळे राहूच शकत नाहीत. त्यांचा गुणाकार, पेक्ले अंक, तेवढा उरतो. वितळलेल्या सोडियमसारख्या द्रवधातूंत Pr फार लहान असतो, तिथे हे बरंचसं चालून जातं. हवा-पाण्याला नाही.

आमच्या यादीतही एक राशी नाहीच. रीडिंगवरून काढलेला Nu सूत्रापेक्षा सहसा वर येतो. पहिला संशय हीटरवर घ्यायचा: विजेच्या वॅटवरून h काढला, तर इन्सुलेशनमधून निसटलेली उष्णताही हवेच्या खात्यात जमा होते. म्हणून मी हवेचं वस्तुमान, c आणि तिच्या तापमानातली वाढ यांवरूनच उष्णता मोजायला लावतो. तसं केल्यावरही Nu वर राहिला, तर नळीकडे बघायचं. प्रवेशाजवळ तापलेला थर अजून पातळ असतो, तिथे h जास्त. आमची नळी लांबीला व्यासाच्या अठरापटच आहे, त्यामुळे तो सुरुवातीचा भाग सरासरीत चांगलाच उतरतो. लांबी L यादीत घातली की राशी आठ होतात, गट चार, आणि चौथा L/D. तो त्या विद्यार्थिनीने रिपीटिंग राशी न बदलता दोन ओळींत काढून दाखवला.