तीन हेर, एकच वर्ष

उत्तर सिक्कीममधल्या या पोस्टवर संध्याकाळी साडेचारलाच अंधार पडतो. बुखारी पेटते आणि मग रेशनच्या गाडीइतकीच महत्त्वाची वस्तू बाहेर निघते, ती म्हणजे सिनेमांनी भरलेली हार्ड डिस्क. परवा आमच्या तरुण कॅप्टनने ती माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "सर, एखादा चांगला स्पाय पिक्चर सांगा ना."

मी विचारलं, "आज दिवस कसा गेला?"

तो गोंधळला. पण हा प्रश्न आधी विचारायला हवा, हे मी चूक करून शिकलो आहे. हेरांचे सिनेमे चांगले किंवा वाईट असतात, त्याआधी ते गरम किंवा थंड असतात. चुकीच्या दिवशी चुकीचा लावला, तर रात्र वाया जाते.

समजावून सांगायला 1965 हे एकच वर्ष पुरतं. त्या वर्षी 'थंडरबॉल', 'द इप्क्रेस फाइल' आणि 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' असे तीन सिनेमे आले. तिन्ही शीतयुद्धाचे आणि तिन्हींचे नायक ब्रिटिश हेर, तरी तिन्हींची हवा वेगळी.

'थंडरबॉल'मध्ये शॉन कॉनरीचा बॉण्ड सुरुवातीलाच पाठीवर रॉकेट बांधून गच्चीवरून उडतो. ते यंत्र खरं होतं, मात्र जेमतेम वीस सेकंद उडायचं. बॉण्डला तेवढी पुरतात, कारण त्याच्या जगात इंधन नेहमी दृश्य संपेपर्यंत पुरतं. याच सिनेमात तो दातात धरायची एक छोटी नळी वापरतो आणि पाण्याखाली श्वास घेत राहतो. तिचा एक किस्सा सांगतात. ब्रिटिश सैन्याच्या इंजिनियर्सकडून कला विभागाला फोन आला की हे उपकरण किती वेळ चालतं? उत्तर मिळालं, "तुम्हाला जितका वेळ श्वास रोखता येईल तितका." एनडीएत कॅडेट असताना आम्ही बॉण्डला शिट्ट्या मारल्या आहेत. लांब पेट्रोलवरून गुडघे सुजवून परत आलात, तर आजही हाच लावा. त्यात कोणाला पावती द्यावी लागत नाही.

'इप्क्रेस फाइल'चा निर्माता हॅरी सॉल्ट्झमन हा बॉण्डचाही निर्माता. संगीतकार जॉन बॅरी तोच, सेट उभारणारा केन अ‍ॅडम तोच. म्हणजे बॉण्डच्याच माणसांनी बॉण्डच्या उलटा माणूस उभा केला. लेन डेटनच्या कादंबरीतल्या नायकाला नावच नाही. सिनेमात त्याला हॅरी पामर हे नाव मिळालं. मायकेल केनचा हा पामर सार्जंट आहे. लष्करी तुरुंगाची धमकी देऊन त्याला हेरखात्यात ठेवलंय. सिनेमा सुरू होतो तेव्हा गजराचं घड्याळ वाजतं, तो चाचपडत चष्मा शोधतो आणि कॉफी दळतो. पुढे त्याला फॉर्म भरावे लागतात आणि पगारवाढीची चौकशी करावी लागते. त्याचा कर्नल त्याला सुपरमार्केटमध्ये भेटतो, तिथे मश्रूमच्या महाग डब्यावरूनही बोलणं होतं. वार्षिक इन्स्पेक्शन जवळ आलं असेल आणि दिवस कागदांत गेला असेल, तर हा बघा. तुमच्यासारखाच वैतागलेला माणूस अखेर आपलं काम चोख करतो, हे पाहून बरं वाटतं.

तिसरा सिनेमा कृष्णधवल आहे. बर्लिनच्या सीमेवर रिचर्ड बर्टनचा लीमस पलीकडून येणाऱ्या आपल्या माणसाची वाट बघतो. तो माणूस सायकलवरून येतो आणि पलीकडून सुटायच्या आत गोळ्या खाऊन पडतो. गोष्ट तिथून सुरू होते. पुढे लीमसला मुद्दाम घसरायला लावतात. दारू, किरकोळ नोकरी, मारामारी, तुरुंग, सगळं शत्रूने त्याला विकत घ्यावं म्हणून. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की, या सिनेमात कोण कोणाला वापरतंय हे लीमसलाही उशिरा कळतं.

माझी चूक हाच सिनेमा. काही वर्षांपूर्वी, अशाच एका बर्फात अडकलेल्या पोस्टवर, क्लासिक आहे म्हणून मी तो सगळ्यांसाठी लावला. संपल्यावर कोणी बोललं नाही. एक लेफ्टनंट उठून बाहेर थंडीत जाऊन उभा राहिला. आणि मी स्वतः त्या सायकलवरच्या माणसापाशीच अडकलो होतो.

कारण कॅप्टन असताना, राजौरीच्या डोंगरात, माझा एक सोर्स होता. रात्री यायचा, चहात चार चमचे साखर घालायचा आणि बातमी सांगण्याआधी मुलीच्या शाळेबद्दल बोलायचा. शेवटच्या दोन-तीन भेटींत तो म्हणत होता, "साब, अब लोग पूछने लगे हैं." मी "देखते हैं" म्हणालो. मग माझी बदली आली. चार्ज देताना त्याची माहिती एका कागदावर पुढच्या अधिकाऱ्याला दिली, निरोप न घेता निघालो. त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. विचारलं असतं तर कदाचित कळलं असतं. मी विचारलं नाही.

म्हणून सिनेमाचा सूर ओळखायची माझी एक साधी युक्ती आहे. पहिली दहा मिनिटं बघा. कोणी मेलं, तर त्याचा हिशेब कोण देतं? कोणीच देत नसेल, तर गाडी बॉण्डच्या दिशेने चालली आहे. फॉर्म भरला जात असेल, तर पामर. आणि एखादा माणूस आयुष्यभर तो हिशेब आतल्या आत देत राहणार असेल, तर लीमस. याच मापाने 'पठाण' पहिल्या घरात बसतो. 'द फॅमिली मॅन'चा श्रीकांत तिवारी, घर आणि नोकरी यांच्यात भरडला जाणारा, दुसऱ्यात. मेघना गुलजारचा 'राझी' तिसऱ्यात.

पण थंड म्हणजे खरा, असं समजू नका. ही कादंबरी लिहिली तेव्हा जॉन ल कारे स्वतः ब्रिटिश हेरखात्यात होता. त्याच्या वरिष्ठांनी ती तपासली आणि छापायला परवानगी दिली. का, तर ती निव्वळ कल्पना आहे, अनुभवातून आलेली नाही, असं त्यांचं मत पडलं. हे त्यानेच पुढे लिहून ठेवलंय. मला ते पटतं. लीमसभोवतीचा डाव घड्याळासारखा चालतो, प्रत्येक माणूस नेमका हवा तसाच वागतो. आमचे डाव रेडिओची बॅटरी उतरली म्हणून फसतात. त्या अर्थी तो डावसुद्धा बॉण्डच्या नळीसारखंच एक उपकरण आहे. खरा आहे तो फक्त मागे उरणारा भार.

कॅप्टनने उत्तर दिलं, "सर, दिवसभर स्टॉक टेकिंग. तीन ब्लँकेटं जुळत नाहीयेत."

मी 'इप्क्रेस फाइल' लावून दिला. मश्रूमच्या डब्यापाशी तो मोठ्याने हसला.

तिसरा सिनेमा मी त्याच्या डिस्कवरून काढलेला नाही. फक्त सांगितलंय की तो सुट्टीत, घरी, दिवसा बघ. आणि बघितल्यावर, जिथे चार्ज देऊन आलास तिथे एक फोन कर.