रस्त्यात हरवलेली कुपी

जानेवारी 2023 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील खाणीतून पर्थला जाणाऱ्या ट्रकमधून सिझियम-137 ची 8 मिलिमीटरची कुपी पडली. रस्ता 1400 किलोमीटरचा! डोळ्यांना ती दिसणे कठीण, पण गॅमा किरण यंत्रापासून लपत नाहीत. ताशी 70 किलोमीटरने जाणाऱ्या शोधगाडीतल्या यंत्राने इशारा दिला. कुपी रस्त्याच्या कडेपासून 2 मीटरवर होती.

तुम्ही विचाराल, धोका किती? कुपी 19 गिगाबेकरेलची, सिझियमचे धोक्याचे प्रमाण 100. भागाकार 0.19, म्हणजे पाचपैकी चौथी श्रेणी. पहिली सर्वांत घातक. शेजारून गेलात तर चिंता नको. खिशात ठेवलीत तर मात्र कातडी भाजते, आणि ते कळते काही दिवसांनी.

म्हणून 20 मीटरचा परिसर बंद केला, कुपीवरचा क्रमांक जुळवला आणि ती शिशाच्या डब्यात ठेवली.