चौदाशे कॅलरींची वाटणी



माझ्या जाऊबाईंना आहारतज्ज्ञांनी रोज १४०० कॅलरी ठरवून दिल्या. वजन ६८ किलो. "पण ताटात नेमकं वाढू काय?" असं त्यांनी विचारलं, म्हणून आम्ही दोघी कागद घेऊन बसलो.

एक ग्रॅम प्रथिन किंवा कर्बोदक म्हणजे ४ कॅलरी आणि एक ग्रॅम स्निग्धांश म्हणजे ९. हिशेब प्रथिनांपासून सुरू करायचा, कारण वजन उतरताना स्नायू झिजू नयेत हे महत्त्वाचं. किलोमागे साधारण १.२ ग्रॅम धरले, म्हणजे सुमारे ८० ग्रॅम, ३२० कॅलरी. मग स्निग्धांश ४५ ग्रॅम, म्हणजे ४०५ कॅलरी. उरलेल्या ६७५ कॅलरी कर्बोदकांच्या, म्हणजे जवळपास १७० ग्रॅम.

आपल्या स्वयंपाकघरात अडचण प्रथिनांचीच. डाळीत प्रथिनांच्या दुपटीहून जास्त कर्बोदकं असतात, आणि पनीरमध्ये प्रथिनांइतकाच किंवा त्याहून जास्त स्निग्धांश. फक्त डाळीवर ८० ग्रॅम गाठायला गेलं की कर्बोदकं हाताबाहेर जातात, फक्त पनीरवर गेलं की तूप-तेलाला जागाच उरत नाही. म्हणून दोन्ही थोडं थोडं घेऊन मध्ये सोया वडी आणली.

जाऊबाईंचा दिवस असा बसला. सकाळी साय काढलेल्या अर्धा लिटर दुधातलं थोडं दूध, बाकीचं दही आणि ५० ग्रॅम पनीर, यातून २७ ग्रॅम प्रथिनं. दुपारी ५० ग्रॅम कोरड्या सोया वडीची भाजी, २६ ग्रॅम. संध्याकाळी सूर्यास्ताआधी ६० ग्रॅम मूगडाळीचं वरण, १४ ग्रॅम. दोन्ही वेळच्या पोळ्यांना मिळून १०० ग्रॅम कणीक, ११ ग्रॅम. एकूण ७८. शिवाय भाज्या, एक फळ आणि दिवसभरात चार चहाचे चमचे तूप-तेल. दही सकाळी आणि वरण संध्याकाळी ठेवल्याने द्विदळाचाही प्रश्न येत नाही.

वजन नेहमी कच्च्या, कोरड्या जिन्नसाचं करा. शिजलेल्या डाळीत पाणीच जास्त असतं, त्यामुळे ६० ग्रॅम शिजलेली डाळ मोजली तर प्रथिनं १४ऐवजी चार-पाच ग्रॅमच मिळतात. फोडणीचं तेल मात्र अंदाजाने ओतू नका. दोन चमचे जास्त गेले की ८० कॅलरी वाढल्या.

तीन आठवडे नीट मोजूनही काटा हलला नाही, तर प्रथिनं आणि तूप-तेल तसंच ठेवून कर्बोदकांतून २५ ग्रॅम कमी करा. म्हणजे १०० कॅलरी कमी होतात, साधारण एक मोठी पोळी. उलट अशक्तपणा वाटत असेल, केस गळत असतील किंवा पाळी चुकली, तर कॅलरीच फार कमी पडत असतील. मग कपात थांबवून तज्ज्ञांना दाखवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा प्रथिनांचा आकडा तुमचा नाही, तो डॉक्टरांनीच ठरवायचा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बहिणींनी हा हिशेब करूच नये.