साइट मोठी, पण त्यात आपले काम किती?

आम्ही दोघेही शिक्षक. अर्ज लिहून द्यायचा किंवा बायोडाटा तपासायचा असला की घरातली आणि मोहल्ल्यातली मुले आमच्याकडे येतात. नांदगाव पेठेत एमआयडीसी आहे आणि गावाला लागून महामार्ग जातो. त्यामुळे सिव्हिलची पदवी घेतलेल्या मुलांची नजर साइट इंजिनिअरच्या जागेवर असते. मागे आमच्या भाच्याने आपला बायोडाटा दाखवला. त्यात तीनच ओळी कामाच्या होत्या : 'औद्योगिक प्रकल्पाचा दोन वर्षांचा अनुभव. ऑटोकॅड येते. सेफ्टीचे ज्ञान आहे.'

मोहल्ल्यातल्या एका निवृत्त अभियंत्यांना आम्ही तो कागद दाखवला. ते म्हणाले, "हा कागद कोणाचाही असू शकतो. साइट मालकाची असते. पोराने त्यात काय केले ते लिहा."

त्यांनी आपल्याच भागातला दाखला दिला. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. "मी त्या कामावर होतो," असे उद्या कोणी लिहिले, तर मुलाखत घेणारा लगेच विचारील : तुम्ही हॉट मिक्स प्लांटवर होता, पेव्हरमागे थराची जाडी मोजत होता, की लेव्हल घेत होता? विक्रम रस्त्याचा आहे. उमेदवाराचा हिस्सा या उत्तरातून कळतो.

मग आम्ही भाच्याला घेऊन बसलो. त्याचे काम एका कारखान्याच्या शेडचे होते, सुमारे २,००० चौरस मीटरचे. आत ऑफिससाठी एक मजला होता आणि त्याचा स्लॅब त्याने स्वतः उभे राहून भरून घेतला होता. स्लॅब २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि १५० मिलिमीटर जाड. म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. अभियंता साहेबांनी विचारले, "किती क्यूब भरले?" भाचा म्हणाला, "बारा, मामू... म्हणजे साहेब." साहेब हसले. ३१ ते ५० घनमीटरसाठी भारतीय मानकाप्रमाणे किमान चार नमुने घ्यावे लागतात आणि प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब असतात. हिशेब जुळला. साहेब म्हणाले, "आकडा असा लिहावा की त्यातून दुसरा आकडा काढून तपासता येईल. फुगवलेला आकडा इथेच पकडला जातो."

'ऑटोकॅड येते' ही ओळ आम्ही बदलली. त्याने नकाशे काढले नव्हते. शेडच्या खांबांसाठी पायात बसवायच्या बोल्टांची अंतरे ऑटोकॅडमधून काढून तो जागेवर आखणी करायचा आणि नकाशाची सुधारित आवृत्ती आली की जुनी प्रत साइटवरून काढून घ्यायचा. सळईचे वेळापत्रक तो एक्सेलमध्ये करायचा. एवढेच लिहिले. डिझाइनचे सॉफ्टवेअर त्याला येत नव्हते, ते लिहिले नाही.

सेफ्टीच्या ओळीवर तो अडला. "मी काही सेफ्टी ऑफिसर नव्हतो," म्हणाला. बोलता बोलता कळले, की काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत अडीच मीटर खोल खड्डे खणले होते. रात्री पाऊस झाला आणि सकाळी एका खड्ड्याच्या काठाला भेगा दिसल्या. काळी माती भिजली की फुगते, सुकली की तडकते आणि अशी कड उभीच्या उभी ढासळते. त्याने मजुरांना उतरू दिले नाही, काठावरचा मातीचा ढीग दूर हलवला, कडा उतरत्या कापून घेतल्या आणि मग शिडी लावली. ठेकेदार दिवस वाया गेला म्हणून रागावला होता. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्याला आधार किंवा उतार हवा, हा नियमच आहे. साहेब म्हणाले, "सेफ्टीचा अनुभव हाच. प्रमाणपत्र मागाहून."

महामार्गाच्या जागेसाठी मात्र हाच कागद पुरणार नाही, हेही त्यांनी सांगितले. तिथे थरांची जाडी, दाबाई आणि लेव्हल विचारतात. भाच्याकडे ते काम नव्हते. म्हणून त्याने अर्ज शेड आणि इमारतीच्या जागांसाठीच केले.

हे सारे आकडे त्याला सांगता आले, कारण तो रोज रात्री वहीत नोंद करायचा : तारीख, काय भरले, किती भरले, कोणत्या नकाशावरून. काम सुटल्यावर साइटचे रजिस्टर ठेकेदाराकडे राहते. वही आपल्याकडे राहते. आज साइटवर असलेल्या मुलांनी ती आजपासूनच लिहावी.